बीड, माती आणि पीव्हीसी: इमारतीच्या सांडपाण्याचे तीन मार्ग

संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातील मोरी यांतून निघालेले पाणी इमारतीबाहेर पडेपर्यंत दोन अगदी वेगळ्या परिस्थितींतून जाते. आधी ते भिंतीवर किंवा शाफ्टमध्ये बसवलेल्या उभ्या पाइपातून खाली कोसळते. तळाशी आल्यावर ते जमिनीखालच्या आडव्या पाइपात वळते आणि हलक्या उताराने चेंबरमागून चेंबर ओलांडत नगरपालिकेच्या गटाराला किंवा सेप्टिक टँकला मिळते. उभ्या भागाला आवाज, ऊन आणि हादरे यांना तोंड द्यावे लागते. आडव्या भागाला मातीचा दाब, झाडांची मुळे आणि साचून राहिलेला मैला यांना. पाइप कशाचा असावा या प्रश्नाला एकच उत्तर नाही, ते यामुळेच. जो पाइप शाफ्टमध्ये उत्तम ठरतो तोच जमिनीखाली दहा वर्षांत दगा देऊ शकतो, आणि जमिनीखाली शंभर वर्षे टिकणारा पाइप भिंतीवर टांगताही येत नाही.

महाराष्ट्रातील इमारतींत या कामासाठी मुख्यतः तीन प्रकारचे पाइप सापडतात. १९९० च्या आधीच्या बहुतेक इमारतींच्या भिंतींवर बीडाचे पाइप आहेत, त्याच इमारतींच्या आवारात जमिनीखाली स्टोनवेअरचे आहेत, आणि त्यानंतर बांधलेल्या बहुतेक इमारतींत दोन्हीकडे पीव्हीसी आहे.

स्टोनवेअर म्हणजे घट्ट, न पाझरणारी होईपर्यंत भाजलेली माती. तिच्यावरची तपकिरी चकाकी जुन्या पद्धतीत मिठाने आणली जाई. भट्टी साधारण १२०० अंश सेल्सिअसवर असताना तिच्यात मीठ टाकले की त्यातला सोडियम वाफेच्या रूपाने मातीतल्या सिलिकाशी संयोग पावतो आणि पाइपावर काचेचा पातळ थर तयार होतो. हा थर वरून लावलेला रंग नसून मातीचाच बदललेला पृष्ठभाग असतो, म्हणून तो सुटून येत नाही. लंडनमध्ये हेन्री डॉल्टनने १८४६ साली अशा पाइपांचा कारखाना काढला. एडविन चॅडविकसारखे सुधारक तेव्हा विटांच्या प्रशस्त गटारांऐवजी लहान व्यासाच्या गुळगुळीत पाइपांचा आग्रह धरत होते, आणि डॉल्टनच्या कारखान्यामुळे ते पाइप मोठ्या संख्येने मिळू लागले. भारतात हा पाइप ब्रिटिश अभियंत्यांबरोबर आला. तो साधारण ६० ते ९० सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यांत मिळतो. एका टोकाला रुंद तोंड असते, म्हणजे सॉकेट. त्यात पुढच्या पाइपाचे साधे टोक बसवून डांबरात भिजवलेला दोर ठोकतात आणि उरलेली फट सिमेंट-वाळूच्या घट्ट मसाल्याने भरतात.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. शंभर मिलिमीटर व्यासाच्या पाइपाची जाडी वाळूच्या साच्यात ओतलेला असेल तर सुमारे ५ मिलिमीटर असते आणि वजन मीटरला सुमारे १२ किलो भरते. त्याचाही सांधा सॉकेटचाच, पण दोर ठोकल्यावर वर वितळलेले शिसे ओततात आणि थंड झाल्यावर छिन्नी-हातोडीने ते दाबून बसवतात. शंभर मिलिमीटरच्या एका सांध्याला जवळपास एक किलो शिसे लागते. असे सांधे नीट भरणारे प्लंबर आता फारसे उरलेले नाहीत, आणि बीड मागे पडण्यात किमतीइतकाच या गोष्टीचाही हात आहे. नव्या पद्धतीच्या बीडाच्या पाइपांना सॉकेट नसते. दोन साधी टोके समोरासमोर आणून त्यांवर रबराची बाही चढवतात आणि ती स्टीलच्या पट्ट्याने आवळतात.

पीव्हीसीचे पाइप जर्मनीत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रथम वापरात आले. भारतात घरोघरी पोहोचायला त्यांना आणखी चार-पाच दशके लागली. इमारतीच्या सांडपाण्यासाठीचा करडा पाइप आयएस १३५९२ या मानकाप्रमाणे दोन प्रतींत बनतो. ‘ए’ प्रत फक्त हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपासाठी असते. संडास आणि मोरीसाठी ‘बी’ प्रत लागते. ११० मिलिमीटर व्यासात ‘ए’ची जाडी २.२ मिलिमीटर, तर ‘बी’ची ३.२. लांबून दोन्ही सारखेच दिसतात आणि ‘ए’ स्वस्त पडतो. त्यामुळे ठेकेदाराने बसवलेल्या पाइपावरचा छापील मजकूर वाचून पाहणे हे पाच मिनिटांचे काम बरेच काही वाचवते. जमिनीखालचा पीव्हीसी पाइप मात्र वेगळा असतो. तो आयएस १५३२८ प्रमाणे बनतो, विटकरी रंगाचा असतो आणि त्याची प्रत दाबाखाली न चेपण्याच्या ताकदीवर ठरते. करडा पाइप जमिनीत पुरणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

आवाजाचा विचार उभ्या पाइपापुरता करावा लागतो, कारण पुरलेल्या पाइपाचा आवाज माती गिळून टाकते. उभ्या पाइपात पाणी पूर्ण भरून वाहत नाही. ते आतल्या भिंतीला चिकटून वेटोळ्या थराने उतरते आणि मधोमध हवेचा गाभा मोकळा राहतो. नीट आखलेल्या पाइपात गर्दीच्या वेळीही छेदाचा चौथा ते तिसरा हिस्साच पाण्याने व्यापलेला असतो. भिंतीच्या घर्षणामुळे या थराचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. एक-दीड मजला उतरेपर्यंत तो सेकंदाला साधारण ३ ते ५ मीटरवर स्थिरावतो. चोवीस मीटर उंचीवरून मोकळे सोडलेले पाणी जमिनीवर येईपर्यंत सेकंदाला जवळजवळ २२ मीटर वेग गाठेल. पाइपातले पाणी त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच राहते. इमारत उंच असली की खालच्या मजल्यांवर पाणी भयंकर वेगाने आदळते, हा समज म्हणून चुकीचा आहे. वीस मजली आणि सात मजली इमारतीत तळाशी आदळणाऱ्या पाण्याचा वेग जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो पाण्याच्या प्रमाणात आणि दिवसभरात ते किती वेळा येते त्यात.

आवाज प्रामुख्याने दोन जागी निर्माण होतो. पहिली जागा प्रत्येक मजल्यावर संडासाची फांदी उभ्या पाइपाला मिळते ती. तिथे फ्लशचे पाणी समोरच्या भिंतीवर आदळते. दुसरी त्याहून मोठी जागा म्हणजे पाइपाचा तळ, जिथे उभे पाणी एकदम आडवे होते. आदळण्याने पाइपाची भिंत थरथरते. ही थरथर दोन वाटांनी खोलीत पोहोचते: हवेतून सरळ, आणि पट्ट्या व स्लॅबमार्गे भिंतीतून.

हवेच्या वाटेवर सगळा खेळ वजनाचा आहे. ध्वनिशास्त्रातला ढोबळ नियम असा की पडद्याचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट झाले की त्यातून पार होणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. पाच मिलिमीटर बीडाचे वजन चौरस मीटरला ३६ किलो भरते, तर ३.२ मिलिमीटर पीव्हीसीचे साडेचार किलोच. आठपट म्हणजे तीन वेळा दुप्पट, म्हणून कागदावर १८ डेसिबलचा फरक निघतो. प्रत्यक्षात तो इतका राहत नाही. वर्तुळाकार भिंत सपाट पडद्यासारखी वागत नाही, शिवाय सांधे आणि पट्ट्या आपला वाटा उचलतात. तरीही कानाला १० डेसिबलचा फरक आवाज निम्मा झाल्यासारखा भासतो, त्यामुळे बीडाचा फायदा रात्री दोन वाजता अंथरुणात पडलेल्या माणसाला नक्की कळतो. बीडातून पाणी गेल्याचा दबका घरघराट ऐकू येतो. पीव्हीसीतून पाण्याची सळसळ आणि वस्तू आपटल्याचा टकटकाटही.

भिंतीच्या वाटेवर मात्र बीडाचे वजन फारसे उपयोगी पडत नाही. पाइप कशाचाही असो, तो लोखंडी पट्टीने भिंतीला आवळला किंवा स्लॅबमधल्या भोकात सिमेंटने घट्ट पुरला तर थरथर सरळ काँक्रीटमध्ये उतरते आणि दोन खोल्या पलीकडे ऐकू येते. बीडासाठी खर्च करून पट्ट्या मात्र नेहमीच्याच वापरल्या, तर विकत घेतलेली शांतता बरीचशी वाया जाते. उपाय साधे आहेत. पट्टीत रबराचे अस्तर असावे, स्लॅबमधून जाताना पाइपाभोवती मोठ्या व्यासाची बाही आणि मऊ भराव असावा, आणि पट्टी जड भिंतीत ठोकावी, शयनगृहाच्या पातळ भिंतीत नव्हे. तळाच्या वळणावर ९० अंशांचा एकच बाक वापरण्याऐवजी ४५ अंशांचे दोन बाक आणि त्यांच्यामध्ये सुमारे २५० मिलिमीटरचा सरळ तुकडा टाकला, तर पाणी दोन टप्प्यांत वळते आणि आदळणे बरेच सौम्य होते. याच रचनेमुळे वॉशिंग मशीनचा फेस तळमजल्याच्या न्हाणीट्रॅपमधून वर येण्याची तक्रारही कमी होते.

युरोपात पाइपांच्या आवाजाची चाचणी ईएन १४३६६ या मानकाने घेतात. प्रयोगशाळेत सेकंदाला अर्धा, एक, दोन आणि चार लिटर पाणी सोडून भिंतीपलीकडच्या खोलीतला आवाज मोजला जातो. जर्मनीचे डीआयएन ४१०९ मानक शेजारच्या घराच्या राहत्या खोलीत या आवाजाला ३० डेसिबलची मर्यादा घालते. या मर्यादेपायीच तिथे खनिज भुकटी घालून जड केलेले प्लास्टिकचे पाइप निघाले. ते साध्या प्लास्टिकपेक्षा महाग, पण बीडापेक्षा हलके असतात. भारतातही आता मिळू लागले आहेत. मात्र पाइप विटांच्या बंद शाफ्टमध्ये असेल तर हा सगळा ऊहापोह अनावश्यक ठरतो, कारण अर्ध्या विटेची गिलावा केलेली भिंत एकटीच ४० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते. अडचण येते ती शाफ्टला खिडकी असली की. आपल्याकडे ती बहुधा असते.

रसायनांच्या बाबतीत तिन्ही पाइपांचे वागणे एकमेकांपासून अगदी भिन्न आहे. स्टोनवेअरची बाजू सर्वांत भक्कम. घरात, प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात वापरले जाणारे जवळपास कोणतेही आम्ल त्याला ढिम्म हलवत नाही. अपवाद हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा, कारण ते काचच खाते. तीव्र आणि गरम अल्कलीनेही कालांतराने चकाकी झिजते, पण घरगुती सांडपाण्यात तसा प्रसंग येत नाही.

बीडाचा शत्रू आम्ल. संडास साफ करायच्या बहुतेक बाटल्यांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ज्या बाटल्या आणतात त्यांत त्याहून तीव्र. भांड्यात ओतलेले आम्ल फ्लशच्या पाण्याने पातळ होत असल्याने एकेका वेळी होणारे नुकसान नगण्य असते, वर्षानुवर्षांचे साचते. आम्लाशिवाय होणारी झीज अधिक फसवी असते. बीडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्याचा मोठा भाग ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. ओलाव्यात लोखंड विरघळून निघून जाते आणि मागे ग्राफाइट व गंजाचा सांगाडा उरतो. पाइपाचा आकार, जाडी, इतकेच काय सॉकेटवर ओतलेली अक्षरेही शाबूत दिसतात, पण पेन्सिलीच्या टोकासारखा तो चाकूने खरवडता येतो. वरून रंग दिलेला असला तर डोळ्यांना काहीच कळत नाही. हातोडीने हलके ठोकून पाहावे लागते. निरोगी बीड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते.

आडव्या पाइपात आणखी एक प्रक्रिया चालते. मैला हळू वाहत असेल किंवा साचत असेल तर तळाच्या बुळबुळीत थरातले जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. हा वायू पाण्याच्या पातळीवरच्या ओलसर भिंतीवर बसला की तिथले दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे गंधकाम्ल बनवतात. त्यामुळे पाइप पाण्याखाली नव्हे, तर वरच्या कमानीला खाल्ला जातो. काँक्रीट आणि बीड या हल्ल्याला बळी पडतात. स्टोनवेअर आणि पीव्हीसी पडत नाहीत. स्टोनवेअरचा सांधा मात्र सिमेंटचा असतो आणि सिमेंटला आम्ल चालत नाही. पन्नास वर्षांनी उकरून काढलेला स्टोनवेअरचा पाइप नव्यासारखा चकचकीत आणि त्याच्या सांध्यातला मसाला बोटाने भुगा होणारा, असे दृश्य जुन्या शहरांत ड्रेनेज दुरुस्ती करणाऱ्यांच्या ओळखीचे आहे.

पीव्हीसी आम्ल आणि अल्कली दोन्ही सहज पचवते. ब्लीचचेही त्याला काही वाटत नाही, म्हणून तपासणी प्रयोगशाळा आणि दवाखाने यांच्या लाइनला ते बीडापेक्षा चांगले. त्याची अडचण सेंद्रिय द्रावकांशी आहे. रंगाऱ्याने मोरीत ओतलेला थिनर, ॲसिटोन, क्लोरीनयुक्त द्रावके यांनी ते फुगते आणि मऊ पडते. ज्या सोल्युशनने पीव्हीसीचे सांधे चिकटवतात ते अशाच द्रावकांचे असते, यावरून काय होत असेल याचा अंदाज येतो. नखांचा रंग काढण्याचे दोन थेंब पाण्याबरोबर गेले तर काही बिघडत नाही. ट्रॅपमध्ये साचून राहिलेला पेलाभर थिनर बिघडवतो.

दुसरी अडचण उष्णतेची. हे प्लास्टिक ८० अंशांच्या सुमारास मऊ होऊ लागते. घरच्या मोरीत भाताचे पाणी निथळले तर ते ट्रॅपपर्यंत पोहोचेस्तोवर निवते आणि धोका नसतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात इडलीच्या भांड्यातले उकळते पाणी दिवसातून अनेकदा बादलीने ओतले जाते, तेव्हा दोन पट्ट्यांमधला आडवा पाइप खाली झोळ खातो. झोळात पाणी थांबते, तेलाचा थर बसतो आणि वर्षभरात लाइन तुंबते. तुंबलेली लाइन मोकळी करायला कॉस्टिक सोड्याचे दाणे टाकतात, तो सोडा पाण्यात विरघळताना पुन्हा उष्णता सोडतो, आणि ट्रॅप वाकडा होतो. कॉस्टिक सोड्याने रासायनिक इजा होत नाही, इजा होते ती त्याच्या उष्णतेने.

आयुष्याबद्दल ढोबळ आकडे नेहमी सांगितले जातात: पीव्हीसी पन्नास वर्षे, बीड पन्नास ते पंचाहत्तर, स्टोनवेअर शंभराहून अधिक. ते चुकीचे नाहीत. पण ते पाइपाच्या भिंतीचे आयुष्य सांगतात, लाइनचे नाही. लाइन निकामी होते ती जवळजवळ नेहमी सांध्यात किंवा आधारात. चौदा मीटर लांबीच्या जमिनीखालच्या लाइनला ६० सेंटिमीटरचे स्टोनवेअर वापरले तर २४ तुकडे आणि तितकेच सांधे होतात. सहा मीटरच्या पीव्हीसी पाइपांत मधले सांधे दोनच. सिमेंटचा सांधा ताठ असतो, जमीन किंचितही हलली की तो तडकतो. दख्खनच्या काळ्या मातीत हा दोष उघडा पडतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाइपाला दरवर्षी वर-खाली करते. तडकलेल्या सांध्यातून ओल झिरपली की पिंपळाची केसाएवढी मुळे तिच्या रोखाने येतात, आत शिरतात आणि तिथे जाडजूड होऊन सांधा आणखी उघडतात. मुरमाड जमिनीत, झाडांपासून दूर, हाच पाइप पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार चालतो.

पीव्हीसीचे सांधे कमी, पण त्याला दुसरी खोड आहे. ते उष्णतेने बीडाच्या सहा-सातपट प्रसरण पावते. मीटरमागे अंशाला ०.०७ मिलिमीटर हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण पश्चिमेच्या भिंतीवरच्या पाइपाला हिवाळ्याच्या पहाटे १२ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ५७ अंश सोसावे लागले तर तीन मीटरचा एक तुकडा साडेनऊ मिलिमीटर लांब-आखूड होतो. चोवीस मीटरच्या उभ्या पाइपात एकूण हालचाल साडेसात सेंटिमीटर होते. बीडात ती अकरा-बारा मिलिमीटरच राहील. सगळे सांधे सोल्युशनने चिकटवले आणि प्रत्येक मजल्याची फांदी भिंतीत घट्ट पुरली, तर पाइपाला सरकायला जागाच उरत नाही आणि ताण फांदीच्या टी-जोडावर येतो. काही वर्षांत तिथे बारीक चीर पडते. बाहेरून पाहिले तर टी-जोडाखाली भिंतीवर हिरवट शेवाळाची पट्टी उतरलेली दिसते; आत खालच्या घराच्या छताच्या कोपऱ्यात ओल येते. यासाठीच रबरी रिंगचे सॉकेट असते. त्यात टोक पूर्ण आत ढकलायचे आणि मग सुमारे १० मिलिमीटर मागे ओढायचे. ही मागे ओढण्याची पायरी प्लंबर घाईत गाळतात. पाइप डिसेंबरच्या सकाळी बसवला असेल तर ती गाळणे विशेष महाग पडते, कारण त्यानंतर त्याला फक्त वाढायचेच असते.

उन्हातली अतिनील किरणेही पीव्हीसीला ठिसूळ करतात. आधी पृष्ठभाग खडूसारखा पांढरट होतो, मग रंगकाम करणाऱ्याचा पाय किंवा बांबू लागला की तो काचेसारखा फुटतो. बाहेरच्या पाइपाला तेलाचा नव्हे, पाण्यात मिसळणारा रंग दिल्याने ही झीज बरीच लांबते. शाफ्टच्या सावलीत हा प्रश्न उद्‌भवत नाही.

हे सगळे हिशेब एकत्र कसे वापरायचे हे पुण्यातल्या एका कल्पित पण नमुनेदार सोसायटीवर पाहता येते. तळमजल्यावर दुकाने, वर सात मजले, बांधकाम १९८५ च्या सुमाराचे. संडासांचा बीडाचा पाइप आतल्या शाफ्टमध्ये असून शयनगृहांच्या खिडक्या त्याच शाफ्टमध्ये उघडतात. स्वयंपाकघरांचा पाइप पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. दुकानांपैकी एका गाळ्यात हॉटेल आहे. जमिनीखाली १५० मिलिमीटरचे स्टोनवेअर, आणि आवाराचा अर्धा भाग मुरूम, अर्धा काळी माती. ठोकून पाहिल्यावर दोन्ही उभे पाइप जागोजागी बद्द वाजतात, म्हणजे बदलायला हवेत.

सोसायटीला आलेला सर्वांत स्वस्त प्रस्ताव सगळीकडे पीव्हीसीचा असणार. शाफ्टच्या बाबतीत तो नाकारावा. शाफ्टला खिडक्या असल्यामुळे पाइपाच्या भिंतीतून सुटणारा आवाज अडवायला मध्ये काहीच नाही, आणि पूर्वी बीडाची सवय असलेल्या रहिवाशांना पीव्हीसीचा आवाज पहिल्याच रात्री खटकेल. तिथे रबरी बाहीचे बिनसॉकेट बीड योग्य. चोवीस मीटरच्या पाइपाचे वजन २८८ किलो भरते, पीव्हीसीचे ३६ किलो भरले असते. म्हणून दर मजल्याला स्लॅबच्या पातळीवर भार पेलणारा आधार आणि अस्तर लावलेल्या पट्ट्या लागतील. शिसे वितळवायची गरज उरत नाही. बजेट तेवढे नसेल तर खनिजभरित प्लास्टिक चालेल, पण ‘ए’ प्रतीचे पीव्हीसी कोणत्याही परिस्थितीत नको.

पश्चिमेच्या भिंतीवर उलट. तिथे कोणाची खिडकी नाही आणि पाणी साबणाचे, तेलाचे. रबरी रिंगचा ‘बी’ प्रतीचा पीव्हीसी पाइप, वरून पाण्यात मिसळणारा रंग, आणि प्रत्येक सॉकेटपाशी १० मिलिमीटरची मोकळीक एवढे पुरेसे आहे. दर तुकड्याला एकच घट्ट पट्टी हवी, बाकीच्या पट्ट्यांतून पाइप सरकू शकला पाहिजे.

हॉटेलची लाइन या पाइपाला जोडू नये. ग्रीज ट्रॅपपासून पहिल्या चेंबरपर्यंतचे चार-पाच मीटर बीडातच न्यावे. चेंबरमध्ये बाकीच्या सांडपाण्यात मिसळून ते पाणी निवते, त्यापुढे प्लास्टिकला धोका राहत नाही.

जमिनीखाली सगळेच उकरून टाकण्याची घाई नको. काळ्या मातीतला भाग काढून तिथे विटकरी पीव्हीसी घालावा, आणि पाइपाभोवतीची काळी माती काढून तिथे वाळू किंवा बारीक खडी भरावी. लवचिक पाइपाला चेपण्यापासून वाचवतो तो हा भरावच. जुन्या नियमाप्रमाणे १५० मिलिमीटरला ६० स एक असा उतार दिला, तर चौदा मीटरवर सुमारे २३ सेंटिमीटरचा उतार पडतो आणि मैला न साचता वाहून जातो. मुरमातला स्टोनवेअरचा भाग मात्र तपासून ठेवता येतो.

ती तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी वरच्या चेंबरमधून पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटर लहान असा गुळगुळीत गोळा सोडतात. तो खालच्या चेंबरमध्ये आपोआप गडगडत आला तर उतार ठीक आहे आणि सांध्यातला मसाला आत आलेला नाही. तो अडला तर किती अंतरावर अडला हे काठीने मोजून खूण करतात. मग खालचे तोंड रबरी बुचाने बंद करून वरच्या टोकाला दीड मीटर उंचीपर्यंत पाणी भरतात. पहिला तासभर पातळी उतरतेच, कारण जुना मसाला आणि मातीचा पाइप थोडे पाणी शोषतात. म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. तासानंतर पाणी पुन्हा खुणेपर्यंत भरून अर्धा तास पाहतात. उतरण्याचा वेग मंदावत जात असेल तर ते शोषणच आहे आणि लाइन ठेवता येते. तो सारखाच राहिला तर सांधा गळतो आहे. मग बूच दोन-दोन मीटर वर सरकवून तीच चाचणी पुन्हा घेतात; बूच ज्या जागी आल्यावर पातळी स्थिर होते, गळका सांधा त्या जागेच्या आणि आधीच्या जागेच्या दरम्यान असतो, आणि उकरावी लागते ती फक्त तेवढी जमीन.